दाखला पंधरा दिवस थांबतो कुठे?

प्रश्न: मी एका तालुक्याच्या तहसील कार्यालयात नायब तहसीलदार आहे. जून उजाडला की उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांचे अर्ज तुंबतात. सगळं ऑनलाइन झालं, तरी लोकांना पंधरा दिवस थांबावं लागतं आणि आवारातली गर्दी आहे तशीच आहे. वाढीव माणसं मिळणार नाहीत, असं वरून स्पष्ट सांगितलंय. प्रशिक्षणात बीपीआर, म्हणजे कामाची पद्धत मुळापासून नव्याने रचणं, आणि लीन, म्हणजे कामातला वाया जाणारा वेळ काढून टाकणं, यांबद्दल ऐकलं, पण ते कारखान्यांचं शास्त्र वाटलं. आमच्याकडे त्याचा खरंच उपयोग होईल का? आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर:

उपयोग होतो, आणि सुरुवात फक्त उत्पन्नाच्या दाखल्यापासून करा. शिष्यवृत्ती, फी सवलत, आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर या सगळ्यांच्या मुळाशी तोच दाखला असतो. तो चार दिवस लवकर निघाला तर पुढच्या प्रत्येक दाखल्याचे चार दिवस वाचतात. शिवाय तो तहसील पातळीवरच पूर्ण होतो, त्यामुळे प्रयोग करायला प्रांत कार्यालयाच्या संमतीची वाट बघावी लागत नाही. पाच-सहा सेवा एकदम सुधारायला घेतलेली कार्यालयं मी पाहिली आहेत. दोन महिन्यांनी त्यांच्याकडे फक्त सादरीकरणाच्या फाइली उरतात.

पहिलं काम मोजणीचं. गेल्या जूनमध्ये निकाली निघालेले लागोपाठचे पन्नास अर्ज घ्या. लागोपाठचे म्हणजे निवडून काढलेले नव्हेत. प्रत्येक अर्ज कुठल्या डेस्कवर कधी आला आणि कधी पुढे गेला, याच्या नोंदी प्रणालीत असतात. त्या एका मोठ्या कागदावर उतरवा: अर्ज भरून घेणाऱ्या सेवा केंद्रावर भरला, लिपिकाने उघडला, अव्वल कारकुनाकडे गेला, त्रुटी लागून परत गेला असल्यास तो दिवस, पुन्हा आला तो दिवस, स्वाक्षरी झाली तो दिवस. मग लिपिकाच्या शेजारी दोन तास बसून एका अर्जाला प्रत्यक्षात किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच निघतं. सगळ्या डेस्कवरची मिळून हाताळणी दहा-बारा मिनिटांच्या पलीकडे जात नाही आणि उरलेला सगळा काळ अर्ज कोणाच्या तरी यादीत पडून असतो. पंधरा दिवसांत काम होत असतं ते दहा मिनिटं. म्हणून कर्मचाऱ्यांना भरभर काम करायला सांगून फारसं हाती लागत नाही. दहाची आठ मिनिटं झाली तरी अर्जदाराला फरक कळणार नाही.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट दिसेल. किती अर्ज दुसऱ्या दिवशी निघाले, किती तिसऱ्या, असे पंधराव्या दिवसापर्यंतचे उभे दांडे काढा. तेराव्या ते पंधराव्या दिवसावर दांडे एकदम उंच झालेले दिसले, तर तुमच्या कार्यालयात मुदत हेच उद्दिष्ट होऊन बसलं आहे असं समजा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे उत्पन्न दाखल्याला पंधरा दिवस ठेवले गेले, ते जास्तीत जास्त म्हणून. विलंबाबद्दल पदनिर्देशित, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेल्या, अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष मुदत संपत आलेल्या अर्जांकडे लागतं आणि ताजे अर्ज आपोआप मागे पडून जुने होतात. या शेवटच्या दोन-तीन दिवसांत किती अर्ज नामंजूर झाले किंवा त्रुटी लावून परत गेले, हे वेगळ्या रंगात दाखवा. तिथे तो रंग दाटला असेल, तर मुदत पाळल्याचा तुमचा अहवाल अर्जदारांच्या जिवावर उभा आहे.

आणि घड्याळ कुठे सुरू होतं तेही बघा. कायद्यातली मुदत आवश्यक कागदपत्रांसह अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. पण शेतकरी किंवा मजूर कुटुंबाला त्याआधी तलाठ्याचा अहवाल आणावा लागतो. आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात. त्यांच्याकडे दोन-तीन सजा, म्हणजे तलाठ्याच्या कारभाराखालचे गावांचे गट, असतील, तर माणूस मंगळवारी जातो, ते दुसऱ्या गावात असतात. गुरुवारी जातो, तर ते बैठकीला तालुक्याला आलेले असतात. हे दिवस तुमच्या कुठल्याच अहवालात येत नाहीत. म्हणून दाखला घेऊन बाहेर पडणाऱ्या वीस जणांना थेट विचारा: पहिल्यांदा कोणाकडे आणि कधी गेलात, एकूण किती खेपा झाल्या, कोणाला पैसे द्यावे लागले का. हे काम कर्मचाऱ्यांकडून करून घेऊ नका, स्वतः करा. तुमच्या निर्णयांना सगळ्यात जास्त आधार या वीस उत्तरांचा होईल.

आता तुंबण्याचं गणित. हाती असलेले अर्ज भागिले रोज निकाली निघणारे अर्ज, म्हणजे नव्या अर्जाला सरासरी लागणारे दिवस. १२०० प्रलंबित असतील आणि रोज १०० निघत असतील, तर आज आलेला अर्ज बाराव्या दिवशी निघेल, मग तो कितीही साधा असो. प्रलंबित संख्या ३०० वर आणली, तर त्याच १०० च्या वेगाने तीन दिवसांत दाखला मिळेल. म्हणजे माणसं तेवढीच ठेवून मुदत खाली येते, फक्त साठा एकदा उतरवावा लागतो आणि तो पुन्हा चढू द्यायचा नसतो. साठा उतरवणं त्यातल्या त्यात सोपं आहे: मे महिन्यात दोन शनिवार लावून तो उतरतो. पुणे विभागात चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त असताना झिरो पेंडन्सीची, म्हणजे काहीच प्रलंबित न ठेवण्याची, मोहीम झाली. अभिलेखांची छाननी, कागदांची सहा गठ्ठ्यांत वर्गवारी करणारी सहा गठ्ठे पद्धत, आलेल्या कामाचा रोजच्या रोज निपटारा ही शिस्त त्यात होती, आणि तिचा भर रोजच्या निपटाऱ्यावर होता म्हणूनच ती महत्त्वाची. नुसता साठा उपसून थांबलेल्या कार्यालयात पुढच्या जूनला परत तेच चित्र दिसतं.

साठा चढतो कशाने? माझ्या अनुभवात सगळ्यात मोठं कारण त्रुटीने परत फिरणारे अर्ज. एक उदाहरण मांडतो. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमचे तुम्ही भरा. हंगामात रोज १०० नवे अर्ज येतात. लिपिकाला एका तपासणीला चार मिनिटं लागतात. शंभरातले ३० अर्ज त्रुटीने परत जातात आणि दुरुस्त होऊन एकदा पुन्हा येतात. म्हणजे लिपिकाला रोज १३० तपासण्या कराव्या लागतात, त्याची ५२० मिनिटं होतात. त्याच्या हातात, जेवणाची सुट्टी सोडून आणि कोणी मध्ये उठवलं नाही असं धरून, साडेसात तास म्हणजे ४५० मिनिटं आहेत. रोज सत्तर मिनिटांचं, म्हणजे सतरा-अठरा तपासण्यांचं काम उरतं. वीस कामाच्या दिवसांत ३५० चा ढीग तयार होतो, आणि त्या लिपिकाने एक दिवसही हयगय केलेली नसते. आता परत जाणारे अर्ज तिसावरून दहावर आले तर? ११० तपासण्या, ४४० मिनिटं. ढीग वाढायचा थांबतो. नवा माणूस न घेता कमतरता भरून निघाली. दहा मिनिटांची सवड मात्र फारच तुटपुंजी आहे, एका दिवसाची वीज गेली तरी ती संपते. तेव्हा एवढ्यावर थांबता येत नाही, पण पहिला घाव इथेच घालायचा.

त्रुटी कमी करायला दोन आठवडे एक साधा तक्ता लिपिकाच्या टेबलावर ठेवा. प्रत्येक परत गेलेल्या अर्जामागे कारणासमोर एक रेघ आणि केंद्राचा क्रमांक. आधार, शिधापत्रिका आणि शाळेचा दाखला यांतल्या नावांचा मेळ नाही. स्कॅन वाचता येत नाही. आर्थिक वर्ष चुकलं. एक वर्षाऐवजी तीन वर्षांचा दाखला हवा होता. स्वयंघोषणापत्रावर सही नाही. दोन आठवड्यांनी दिसेल की बहुतांश रेघा तीन-चार कारणांवर आणि मोजक्याच केंद्रांवर गोळा झाल्या आहेत. त्या केंद्रचालकांना बोलवा, पण नोटीस देऊन नको. त्यांच्याच अर्जांचे नमुने समोर ठेवा आणि स्वीकारण्यायोग्य स्कॅन कसा दिसतो, नावात फरक असेल तर काय जोडायचं, हे एका पानावर छापून द्या. ते पान केंद्राच्या भिंतीवर अर्जदाराला वाचता येईल असं लागलं पाहिजे.

त्रुटी लिहिण्याचीही एक शिस्त हवी. ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढाच शेरा मारून अर्ज परत पाठवणं बंद करा. कोणता कागद, त्यात काय कमी, त्याऐवजी काय चालेल, हे लिहिलंच पाहिजे, आणि सगळ्या त्रुटी एकाच वेळी काढायच्या. आज फोटो, चार दिवसांनी शिधापत्रिका, असं हप्त्याहप्त्याने चालणार नाही. तोच अर्ज दुसऱ्यांदा नव्या त्रुटीने परत जात असेल, तर तो नायब तहसीलदाराने बघितल्याशिवाय जाऊ नये, एवढा नियम केला तरी फरक दिसतो. आवारातले एजंट जगतात ते नेमके या अर्धवट शेऱ्यांवर. काय हवं आहे हे फक्त एजंटालाच कळतं, म्हणून माणूस त्याच्याकडे जातो.

दुसरं कारण गठ्ठ्यांनी काम करण्याची सवय. लिपिक दिवसभर अर्ज तपासतो आणि संध्याकाळी एकदम पुढे ढकलतो. अव्वल कारकून दुसऱ्या दिवशी दुपारी ते बघतो. डिजिटल स्वाक्षरीचं टोकन एकाच अधिकाऱ्याकडे असतं आणि तो अधिकारी मंत्री दौरा, बंदोबस्त, निवडणुकीचं प्रशिक्षण, पंचनामे यांत अडकला की स्वाक्षऱ्या तीन-चार दिवस थांबतात. चार दिवसांनी एकदा स्वाक्षरी होत असेल, तर प्रत्येक अर्ज सरासरी दोन दिवस नुसत्या स्वाक्षरीसाठी थांबतो. रोज सकाळी अकराला आणि दुपारी चारला असे स्वाक्षरीचे दोन ठरलेले अर्धे तास ठेवले, तर हा थांबा काही तासांवर येतो. एकूण स्वाक्षऱ्या तेवढ्याच, कष्टही तेवढेच. अधिकारी बाहेर असतील त्या दिवसासाठी दुसऱ्या नायब तहसीलदारांना रीतसर अधिकार प्रदान करून घ्या आणि त्यांचं टोकन आधी तयार ठेवा. टोकन दुसऱ्याच्या हातात देऊन स्वाक्षऱ्या उरकणं हा उपाय नव्हे. ते चालू असेल तर आजच थांबवा, कारण पुढे एखादा खोटा दाखला निघाला की जबाबदारी ज्याचं नाव त्यावर आहे त्याचीच.

काम कुठे अडलंय हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी असताना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्यालयाची जी फेरमांडणी झाली, तिचं मर्म मला यातच वाटतं: कागद कुठे आहे हे शोधावं लागू नये. आज कागद पडद्यामागे गेला, त्यामुळे ढीगही डोळ्यांआड झाला. म्हणून एक पांढरा फळा लावा. प्रत्येक डेस्कवर आज सकाळी किती अर्ज, त्यातला सगळ्यात जुना किती दिवसांचा, काल किती परत गेले. तीनच आकडे, रोज दहा वाजता, हाताने लिहिलेले. त्यासमोर पाच मिनिटं उभं राहून बोला.

इथपर्यंत जे सांगितलं ते लीन, म्हणजे आहे ती वाट मोकळी करणं. बीपीआर याच्या पुढे जातो. तो विचारतो की हा टप्पा मुळात हवा कशाला. महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलं आहे. शासनाने २०१५ मध्ये दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकन पुरेसं मानलं, तेव्हा एक अख्खी रांगच गेली. कार्यालयात कोणी ‘सुरक्षितता म्हणून’ ती रांग परत आणली आहे का, ते तपासा.

तुमच्या पातळीवर असा हात घालण्याजोगा टप्पा तलाठी अहवालाचा. उत्पन्नाच्या पुराव्याच्या यादीत पर्याय आहेत: नोकरदाराला वेतनाचं प्रमाणपत्र किंवा आयकर विवरणपत्र, निवृत्तिवेतनधारकाला बँकेचं प्रमाणपत्र, जमीनधारकाला सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल. तरी पुष्कळ ठिकाणी केंद्रचालक सरसकट सगळ्यांना तलाठ्याकडे पाठवतो, कारण पूर्वी कधीतरी अहवाल नसलेला अर्ज परत आलेला असतो. अर्जांच्या तीन वाटा करा. ज्यांचं उत्पन्न कागदावर सिद्ध आहे, त्यांचा अर्ज लिपिकाकडून थेट स्वाक्षरीला जावा. शेतकरी आणि मजूर यांना अहवाल लागणार, पण तो अर्जदाराने हातात घेऊन फिरायचा नाही. तलाठ्याने सजानिहाय दोन ठरलेले वार गावात बसावं आणि ते वार ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेले असावेत. तिसरी वाट वादाच्या प्रकरणांची: विभक्त कुटुंब, पालक हयात नाहीत, परराज्यातलं उत्पन्न. ही प्रकरणं अनुभवी माणसाकडे वेगळी द्या. ती साध्या अर्जांच्या रांगेत मिसळली की एका अवघड अर्जामागे चाळीस सोपे थांबतात.

वाट हलकी केली की गैरवापराची भीती येते आणि ती खरी आहे. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक अर्जाला तीन माणसांनी तेच कागद पुन्हा बघणं मला पटत नाही. तिघांपैकी प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं असेल. त्यापेक्षा दर आठवड्याला निघालेल्या दाखल्यांतून चिठ्ठी टाकून वीसेक काढा आणि त्यांची मुळापर्यंत पडताळणी करा. गावात जाऊन, मूळ कागद मागवून. खोटी घोषणा सापडली तर कारवाई करा आणि केली हे लोकांना कळू द्या. सापडण्याचं प्रमाण एखाद्या वाटेत वाढलं, तर ती वाट लगेच पुन्हा घट्ट करा.

तातडीच्या अर्जांचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येईल. प्रवेशाची शेवटची तारीख उद्यावर असलेली मुलगी दारात उभी असते, आणि तिच्या मागे कोणाची तरी शिफारस घेऊन आलेले दहा जण. रांग मोडण्याची खिडकी ठेवाच, पण तिला छापील अट लावा: प्रवेश पत्रकातली तारीख दाखवायची आणि रोज ठरलेल्या संख्येपुढे नाही. शिफारशीने आलेला अर्जही त्याच अटीत बसला तरच. ही संख्या रोजच भरून वाहायला लागली, तर मूळ रांग लांबली आहे असा तो इशारा समजा.

आता हंगामाकडे वळू, कारण खरा मोठा फायदा तिथे आहे. उत्पन्न दाखला संपलेल्या आर्थिक वर्षाचा असतो, म्हणजे १ एप्रिलपासून तो देता येतो. मागणी मात्र दहावी-बारावीचे निकाल आणि प्रवेशाची वेळापत्रकं लागली की एकदम उसळते. एप्रिल-मे रिकामे जातात आणि जूनमध्ये पाच पट गर्दी. कोणत्या मुलांना दाखले लागणार हे शाळांना जानेवारीतच माहीत असतं. महसूल विभागाच्या महाराजस्व अभियानात शाळांमधून दाखले देण्याची वाट आहेच. ती समारंभापुरती न ठेवता वेळापत्रकात बसवा. फेब्रुवारीत मुख्याध्यापकांकडून दहावी-बारावीच्या मुलांच्या याद्या घ्या, मार्चमध्ये कागदांची आगाऊ तपासणी करून नावातले फरक दुरुस्त करायला सांगा आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज ठरावीक शाळा घ्या. वरच्या उदाहरणातल्या शंभरांपैकी पंचवीस जरी असे आधी निघाले, तरी रोजच्या ११० तपासण्यांच्या ऐंशीच्या आसपास होतात आणि लिपिकाला खरी सवड मिळते. नॉन-क्रिमीलेअर लागणाऱ्या मुलांना तीन वर्षांचा उत्पन्न दाखला लागतो, त्यांची नावं यादीत सगळ्यात वर ठेवा. त्यांना तुमच्या रांगेनंतर प्रांत कार्यालयाची दुसरी रांगही पार करायची असते.

याच दिशेने कर्नाटक बरंच पुढे गेलं आहे. तिथे गावनिहाय कुटुंबांची माहिती आधीच पडताळून साठवली आणि अटलजी जनस्नेही केंद्राच्या खिडकीवर जात व उत्पन्नाचे दाखले लगेच छापून द्यायची सोय केली. चौकशी मागणीच्या आधी झालेली असते, त्यामुळे अर्जदाराला चौकशीसाठी थांबावं लागत नाही. हे तालुका पातळीवर करता येणार नाही, त्याला राज्याचा निर्णय लागतो. पण शाळेच्या यादीवरून मार्चमध्ये केलेली आगाऊ तपासणी हे त्याचंच लहान रूप आहे.

जातीच्या दाखल्याला आणि जात वैधतेला मात्र हे सगळं जसंच्या तसं लावू नका. तिथे आजोबा-पणजोबांच्या नोंदी, जुने महसुली आणि शाळेचे पुरावे, आणि वैधतेच्या वेळी गरजेनुसार दक्षता पथकाची चौकशी असते. पडताळणी समिती अर्धन्यायिक आहे. तिथली टेबलांमधली प्रतीक्षा कमी करता येते, त्रुटी एकदाच काढता येतात, पण पुरावा तपासायला लागणारा वेळ कापला तर चुकीचा निर्णय होतो आणि त्याची किंमत एखाद्याचं आयुष्य मोजतं.

प्रयोग दोन केंद्रं आणि तीन सजांवर चार आठवडे करा. निकाली संख्या वाढली एवढ्यावर समाधान मानू नका, ती नामंजुरी वाढवूनही वाढते. तीन गोष्टी एकत्र बघा: लागलेल्या दिवसांच्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येणारा अर्ज किती दिवसांत निघाला, पहिल्याच फेरीत किती मंजूर झाले, आणि दाखला घेऊन बाहेर पडणाऱ्या नव्या वीस जणांच्या खेपा आधीपेक्षा कमी झाल्या का. पहिले दोन आकडे सुधारले आणि खेपा तेवढ्याच राहिल्या, तर रांग सरकून तलाठ्याच्या दारात गेली आहे. तेव्हा पुढची मोजणी तिथे बसून करा. तिन्ही सुधारले, तर तोच कागद घेऊन प्रांताधिकाऱ्यांकडे जा आणि नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज उत्पन्न दाखल्याची वाट न बघता त्याच्याबरोबरच स्वीकारून तपासायला घेता येईल का, ही चर्चा सुरू करा. डेस्कचा क्रम बदलायला प्रणालीत बदल लागतील आणि ते जिल्हा पातळीवरूनच मागावे लागतील, म्हणून हे बोलणं पुढच्या जूनसाठी दिवाळीच्या आधी व्हायला हवं.